पाठ्यपुस्तकातील शिडी आणि भिंतीलगतची शिडी

भिंतीला टेकविलेल्या शिडीचे उदाहरण शाळेत ज्याने सोडविले नाही असा विद्यार्थी आपल्या देशात विरळाच सापडेल. शिडी हा कर्ण, भिंत हा लंब आणि जमीन हा पाया असा काटकोन त्रिकोण फळ्यावर काढला जातो. तीनपैकी दोन बाजू दिलेल्या असतात आणि विद्यार्थी तिसरी शोधून काढतो. गणित म्हणून या उदाहरणांत काहीही उणे नसते. परंतु त्यांत दिलेल्या आकड्यांप्रमाणे खरी शिडी लावून कोणी तिच्यावर चढू लागला, तर बहुधा तो वरच्या टोकापर्यंत सुखरूप पोहोचणार नाही. हे आकडे बदलावेत, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे हा प्रश्न ज्या क्रमाने विचारला जातो तो क्रम उलटा करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे पुढे दिली आहेत.

प्रथम एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात त्रिकोणमितीचे एक उदाहरण अनेक वर्षे शिकविले गेले आहे. एका वीजतंत्री स्त्रीला ५ मीटर उंचीच्या खांबावर दुरुस्ती करावयाची आहे. दुरुस्तीची जागा खांबाच्या टोकाखाली १.३ मीटर, म्हणजे जमिनीपासून ३.७ मीटर उंचीवर आहे. शिडी जमिनीशी ६० अंशांचा कोन करते. तर शिडीची लांबी किती हवी आणि तिचा पाय खांबापासून किती दूर ठेवावा, असा प्रश्न आहे. उत्तर येते ते असे: लांबी सुमारे ४.२८ मीटर आणि पायाचे अंतर सुमारे २.१४ मीटर. ६० अंशांच्या कोनात पायाचे अंतर शिडीच्या लांबीच्या बरोबर निम्मे असते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. याच परिषदेच्या सातवीच्या पूर्वीच्या पुस्तकातील एका शिडीची लांबी १५ मीटर असून ती १२ मीटर उंचीच्या खिडकीपर्यंत पोहोचते. तिचा पाय भिंतीपासून ९ मीटर दूर येतो आणि कोन जेमतेम ५३ अंशांचा होतो.

आता या वीजतंत्री बाई त्या शिडीवर चढल्या म्हणजे काय घडते ते पाहू. त्यांचे वजन हत्यारांसह ७० किलो आणि शिडीचे वजन १० किलो धरू. शिडीचे वरचे टोक खांबाला रेटते, आणि खांब तितक्याच जोराने उलट दिशेला शिडीला रेटतो. या रेट्यामुळे शिडीचा पाय खांबापासून दूर सरकू पाहतो. त्याला अडवून धरणारी शक्ती एकच असते, ती म्हणजे पाय आणि जमीन यांमधील घर्षण. खांबापाशीही थोडे घर्षण असते, परंतु ते अल्प व बेभरवशाचे असल्यामुळे हिशेबात धरू नये. तसे केल्याने चूक झालीच, तर ती सुरक्षिततेच्या बाजूने होते.

हा रेटा काढण्याची रीत तरफेच्या नियमाचीच आहे. शिडीचा पाय हा टेकू मानावा. प्रत्येक वजनाला त्याच्या टेकूपासूनच्या आडव्या अंतराने गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी आणि तिला शिडी जेथे टेकली आहे त्या उंचीने भागावे. शिडीचे वजन तिच्या मध्यभागी, म्हणजे टेकूपासून १.०७ मीटर आडव्या अंतरावर आहे, असे मानता येते. बाई शिडीच्या तीनचतुर्थांश लांबीवर उभ्या असतील तर त्यांचे आडवे अंतर १.६ मीटर होते. पहिला गुणाकार सुमारे ११ आणि दुसरा ११२ येतो. बेरीज १२३, आणि तिला ३.७ ने भागल्यावर ३३ हा आकडा मिळतो. म्हणजे ३३ किलो वजनाइतका आडवा रेटा पायाला बाहेर ढकलीत आहे. जमिनीवर एकंदर भार ८० किलोंचा आहे. म्हणून शिडी स्थिर राहावयाची तर घर्षणाने निदान भाराच्या ०.४२ पट जोर दिला पाहिजे.

जमीन इतका जोर देईल काय? कोरड्या, खरखरीत सिमेंटवर आणि रबर लावलेल्या पायांना तो सहसा मिळतो. परंतु धूळ साचलेली गुळगुळीत फरशी, ओली लादी किंवा पावसाळ्यात शेवाळलेले अंगण तितका जोर देईलच, असे मुळीच म्हणता येत नाही. समजा, जमीन भाराच्या केवळ ०.३५ पटच घर्षण देऊ शकते. अशा जमिनीवर ६० अंशांत ठेवलेल्या या शिडीचे काय होते, हे क्रमाने पाहणे फार उद्बोधक आहे.

शिडी रिकामी असताना तिला आपला पाय धरून ठेवण्यास तिच्या स्वतःच्या भाराच्या सुमारे ०.२९ पट घर्षण लागते. ते मिळते, म्हणून शिडी उभी राहते. बाई खालच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवतात. त्यांचे वजन टेकूच्या अगदी जवळ असल्यामुळे आडवा रेटा थोडाच वाढतो, परंतु जमिनीवरील भार मात्र एकदम आठपट होतो. आवश्यक घर्षणाचे प्रमाण ०.२९ वरून ०.०९ च्या आसपास उतरते. शिडी पूर्वीपेक्षा अधिक घट्ट झाल्यासारखी वाटते. जाणते लोकही शिडी लावल्यावर पहिल्या पायरीवर उभे राहून थोडे हलवून पाहतात आणि निश्चिंत होतात, ते यामुळेच. ही परीक्षा मात्र फसवी आहे. बाई जसजशा वर जातात तसतसे त्यांच्या वजनाचे आडवे अंतर वाढत जाते व रेटाही वाढतो, परंतु जमिनीवरील भार ८० किलोच राहतो. शिडीच्या लांबीचा सुमारे ०.६२ इतका भाग चढून गेल्यावर, म्हणजे पावले जमिनीपासून २.३ मीटर उंचीवर असताना, आवश्यक प्रमाण ०.३५ होते. पुढच्या पायरीवर पाय ठेवताच शिडीचा पाय निसटतो. पूर्वसूचना जवळजवळ नसतेच. एकदा सरकू लागलेला पाय मध्येच थांबत नाही, कारण सरकल्यामुळे कोन आणखी उतरता होतो आणि रेटा आणखी वाढतो.

याउलट, शिडीचा पाय उंचीच्या एकचतुर्थांश अंतरावर ठेविला असता काय होते ते पाहा. ३.७ मीटरांचा चौथा भाग ०.९२ मीटर. तरफेचा तोच हिशेब केला तर रेटा ३३ ऐवजी सुमारे १४ किलो भरतो, आणि आवश्यक घर्षणाचे प्रमाण ०.१८ होते. बाई अगदी वरच्या टोकापर्यंत गेल्या तरी ते ०.२४ च्या पुढे जात नाही. जी जमीन पहिल्या शिडीला दगा देते, तीच या शिडीला धरून ठेवते.

चारास एक हे प्रमाण आता अनेक देशांच्या सुरक्षाविषयक नियमांत मान्य झालेले आहे. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना दर चार मीटर उंचीस एक मीटर अंतर ठेवावे असे सांगतात. अमेरिकेतील बांधकामाच्या नियमांत शिडीच्या पायापासून वरच्या आधारापर्यंतच्या लांबीचा सुमारे चौथा भाग असे म्हटले आहे. एकात उंचीचा चौथा भाग आहे, दुसऱ्यात लांबीचा. पहिल्या रीतीने सुमारे ७६ अंशांचा कोन येतो व दुसऱ्या रीतीने ७५.५ अंशांचा. काम करणाऱ्या माणसाने या फरकाचा विचार करण्याचे कारण नाही.

येथे वाचक विचारील की उभा कोन जर इतका चांगला, तर शिडी आणखी उभी का करू नये? याचे उत्तर चढणाऱ्याच्या शरीरात आहे. मनुष्याच्या वजनाचा मध्य साधारणतः बेंबीच्या पातळीवर असतो, आणि चढताना तो शिडीच्या बाहेरच्या बाजूस सुमारे पाव मीटर राहतो. खालच्या पायरीवर उभे असता हा मध्य जमिनीपासून अंदाजे १.३ मीटर उंचीवर येतो. चारास एक या प्रमाणात लावलेली शिडी तेवढ्या उंचीवर आपल्या पायापासून ३२ सेंटिमीटर भिंतीकडे गेलेली असते. म्हणून पाव मीटर बाहेर असलेले वजनही पायाच्या आतल्या बाजूसच पडते. दहास एक या प्रमाणात शिडी लावली तर त्याच उंचीवर ती केवळ १३ सेंटिमीटर आत गेलेली असते. मग वजन पायाच्या बाहेर पडते आणि शिडी चढणाऱ्यासह मागे उलटू पाहते. म्हणजे एकीकडे पाय सरकण्याचे भय आणि दुसरीकडे मागे कोसळण्याचे भय. चारास एक हे प्रमाण या दोहोंच्या मधली वाट होय.

आता लांबीकडे वळू, कारण शिडी विकत घेणाऱ्यास किंवा बांबूची बांधून घेणाऱ्यास पहिला प्रश्न तोच पडतो. पाया १ आणि उंची ४ असेल तर कर्ण १७ च्या वर्गमूळाइतका, म्हणजे ४.१२ असतो. यावरून नियम निघतो तो असा: शिडी जेथे टेकावयाची त्या उंचीत दर मीटरामागे ३ सेंटिमीटर मिळवावे. ३ मीटरांच्या टेकणीस ३.०९ मीटर, ४ मीटरांस ४.१२ मीटर आणि ६ मीटरांस ६.१८ मीटर शिडी पुरते. आपल्या वीजतंत्री बाईंना ४.२८ मीटरांची नव्हे, तर ३.८१ मीटरांची शिडी हवी होती. सुरक्षित शिडी लांबीने अधिक असावी लागते असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ती सुमारे अर्ध्या मीटराने आखूड भरते.

पाठ्यपुस्तकातील प्रश्नाचा क्रम चुकीचा आहे असे म्हणण्याचे कारण येथे स्पष्ट होते. शिडीची लांबी आणि टेकण्याची उंची या दोन्ही गोष्टी आधी ठरविल्या की पायाचे अंतर ठरविण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. ते जेथे येईल तेथे मुकाट्याने स्वीकारावे लागते. व्यवहारात धोक्याच्या शिड्या नेमक्या याच मार्गाने लागतात. घरात एकच लांब शिडी असते, टोक अमुक जागी यावयास हवे असते, म्हणून पाय ओढून दूर नेला जातो. शहाणा कारागीर उलट क्रमाने विचार करतो. तो प्रथम पायाचे अंतर ठरवितो, त्यावरून आपली शिडी कोठवर पोहोचेल ते पाहतो, आणि मग ती पुरेल की नाही याचा निर्णय करतो. ४.२८ मीटरांचीच शिडी हाती असेल तर तिचा पाय २.१४ मीटरांवर न ठेवता लांबीच्या चौथ्या भागावर, म्हणजे १.०७ मीटरांवर ठेवावा. तिचे टोक ४.१४ मीटर उंचीवर टेकेल. खांब ५ मीटर उंच असल्यामुळे त्यात कोणतीही अडचण नाही. बाईंनी एकदोन पायऱ्या खाली उभे राहून काम करावे, एवढेच.

टोक किती उंच असावे याविषयीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. भिंतीवर किंवा खांबावर काम करावयाचे असेल तर वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहू नये. त्या हातांनी धरण्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात. शिडीवरून छपरावर किंवा गच्चीवर उतरावयाचे असेल तर शिडी कडेच्या वर निदान एक मीटर गेली पाहिजे, म्हणजे पाऊल टाकताना हाताला आधार राहतो. उदाहरणार्थ, गच्चीची कड ४ मीटरांवर आहे. पाय १ मीटर दूर ठेवावा. कडेपर्यंत ४.१२ मीटर आणि वर सुमारे १ मीटर, म्हणून शिडी सव्वापाच मीटरांची घ्यावी. येथे चौथा भाग काढताना संपूर्ण शिडीची लांबी धरावयाची नाही. पायापासून कडेपर्यंतचाच भाग धरावयाचा, कारण रेटा कडेपाशी उत्पन्न होतो. वर मोकळ्या राहिलेल्या दांड्यांपाशी तो नसतो.

कामाच्या जागी पट्टी व कोनमापक कोणी बाळगीत नाही, आणि त्यांची आवश्यकताही नाही. एक सुतळी घ्यावी. शिडीच्या पायापासून ती जेथे टेकणार त्या जागेपर्यंतच्या लांबीची करावी, आणि दोनदा दुमडावी. दुमडलेल्या सुतळीची लांबी हेच पायाचे अंतर होय. बांबूच्या शिडीत पायऱ्यांची अंतरे सारखी नसतात, म्हणून तेथे ही रीत विशेष उपयोगी पडते. दुसरी परीक्षा शरीराने करावयाची आहे. शिडी लावल्यावर पावलांची टोके तिच्या पायांना लावून ताठ उभे राहावे आणि हात खांद्याच्या पातळीत समोर पसरावेत. तळहात सहज पायरीवर पोहोचले तर कोन योग्य आहे. हात पोहोचत नसतील तर शिडी फार आडवी आहे. कोपर वाकवावे लागत असेल तर ती फार उभी आहे.

या नियमाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ओल्या शेवाळावर किंवा सांडलेल्या तेलावर घर्षण इतके कमी होते की चारास एक हे प्रमाणही शिडी वाचवू शकत नाही. तेथे पाय खुंटीला बांधावा किंवा जागा बदलावी. खाली एका माणसाने पहिल्या पायरीवर उभे राहण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, आणि ती शास्त्रशुद्ध आहे. त्याचे वजन टेकूजवळ असल्यामुळे रेटा जवळजवळ वाढत नाही, परंतु जमिनीवरील भार आणि त्याबरोबर घर्षण वाढते. शिडी बाजूला कलंडण्याविरुद्ध मात्र हे प्रमाण काहीच करीत नाही. त्यासाठी दोन्ही पाय सारख्या पातळीवर असावे लागतात, आणि गोल खांबावर तर शिडीचे टोक दोरीने बांधल्यावाचून गत्यंतर नसते. आणि विजेच्या तारांजवळ धातूची अथवा ओली शिडी कोणत्याही कोनात लावू नये.

आता शिक्षकांचा संभाव्य आक्षेप. ६० अंशांची गुणोत्तरे विद्यार्थ्यांना पाठ असतात, आणि ३, ४, ५ या बाजूंची उदाहरणे पूर्णांकांत सुटतात. सुरक्षित शिडी घेतली तर हिशेब किचकट होणार नाही काय? हा आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर पूर्णांकांतच मिळते. ७, २४, २५ या बाजूंचाही काटकोन त्रिकोण होतो, आणि ९, ४०, ४१ या बाजूंचाही. पहिल्यावरून ५ मीटरांची शिडी मिळते. तिचा पाय १.४ मीटरांवर आणि टोक ४.८ मीटरांवर येते, आणि कोन सुमारे ७४ अंशांचा असतो. दुसऱ्यावरून ४.१ मीटरांची शिडी मिळते. तिचा पाय ०.९ मीटरांवर, टोक ४ मीटरांवर आणि कोन सुमारे ७७ अंशांचा येतो. चारास एक हे प्रमाण या दोहोंच्या मध्ये बसते. विद्यार्थ्याला वर्गमूळ तितक्याच सुलभतेने काढता येईल, आणि त्याच्या मनात राहणारे शिडीचे चित्र खरे असेल.

भिंतीला टेकलेल्या वाशाचे गणित फार पुरातन आहे. ब्रिटिश म्युझियममधील एका प्राचीन बाबिलोनी मृत्तिकापट्टिकेवर ते कोरलेले आहे. ३० एककांचा वासा भिंतीला सरळ उभा आहे. त्याचे टोक ६ एकके खाली घसरले, तर पाय किती दूर गेला? उत्तर १८. म्हणजे पाया १८, उंची २४ आणि कर्ण ३०. हाच तो ३, ४, ५ चा त्रिकोण, आणि सातवीच्या पुस्तकातील शिडीही नेमकी याच आकाराची आहे. फरक इतकाच की, बाबिलोनी उदाहरणात ही वासा घसरल्यानंतरची स्थिती होती. आपण तिच्यावर खिडकीपर्यंत चढण्यास सांगतो.

शिक्षकांनी पुढच्या वेळी हे उदाहरण शिकविताना एक फूटपट्टी भिंतीला टेकवून ठेवावी, तिच्या कडेला एक जड चिमटा लावावा आणि तो थोडाथोडा वर सरकवीत जावा. पट्टीचा पाय निम्म्या लांबीवर आणि नंतर चौथ्या भागावर ठेवून दोन्ही वेळा पाहावे. गुळगुळीत मेजावर पहिली पट्टी चिमटा वर पोहोचण्यापूर्वी घसरेल व दुसरी उभी राहील. उत्तरपत्रिकेवर दोन्ही उत्तरे बरोबर ठरतील. परंतु या वर्गातील काही मुले उद्या रंगारी, गवंडी किंवा वीजतंत्री होतील, आणि शिडी लावताना यांपैकी एकच उत्तर त्यांच्या उपयोगी पडेल.